किराया वाढल्याचा मेसेज आला? उत्तर पाठवण्याआधी हे क्रमानं करा

मे महिना संपत आला की माझ्या फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पाच गावांत किरायानं राहून झालं आहे, म्हणून सोबतचे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेत नव्यानं लागलेली पोरं मला विचारतात. स्क्रीनशॉटमध्ये घरमालकाच्या दोन-तीन ओळी असतात आणि खाली त्यांचा प्रश्न: "सर, काय लिहू?"

अडचण अशी की बऱ्याचदा उत्तर तोवर गेलेलं असतं. कुणी रागात लिहितो, कुणी भिडेपोटी "हो जी" म्हणून मोकळा होतो. रागात लिहिलेलं निस्तरायला महिना जातो. भिडेपोटी दिलेला होकार तर निस्तरताच येत नाही, कारण घरमालक त्यालाच शब्द धरतो.

हा काळही घरमालकाच्या सोयीचा असतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बदल्या साधारण याच दिवसांत होतात, आणि मोठ्या गावात रिकाम्या खोल्या मोजक्याच असतात. बऱ्याच जणांना मुख्यालयी राहणं भाग असतं, हे मालकालाही माहीत असतं.

खाली सगळ्या टप्प्यांत एकच उदाहरण घेतलं आहे. आर्णी तालुक्यातल्या एका मोठ्या गावातल्या आरोग्यसेविकेचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, किराया ३,५०० रुपये, डिपॉझिट ७,००० रुपये. करारनामा ११ महिन्यांचा, १ सप्टेंबर २०२४ ते ३१ जुलै २०२५. शनिवारी, २४ मे २०२५ ला घरमालकाच्या नंबरवरून मेसेज आला:

"सिस्टर, पुढच्या महिन्यापासून किराया ५००० राहील. सगळीकडे वाढले आहेत. जमत नसल तर दुसरी खोली पाहून घ्या."

म्हणजे आठ दिवसांनी किराया १,५०० रुपयांनी, जवळपास ४३ टक्क्यांनी वाढणार. त्यांनी स्क्रीनशॉट आधी पुण्यातल्या भावाला पाठवला आणि नंतर मला. भावानं लिहून दिलेलं उत्तर त्या पाठवायच्या बेतात होत्या.

## १. आधी स्क्रीनशॉट नीट वाचा

स्क्रीनशॉट म्हणजे अख्खं बोलणं नव्हे. तो पाठवणाऱ्यानं कापलेला तुकडा असतो. उत्तर दुसऱ्यासाठी लिहीत असाल, तर पहिलं काम म्हणजे कापलेलं परत मागणं. मी चार गोष्टी विचारतो.

मेसेज किती तारखेचा आहे? स्क्रीनशॉटमध्ये नुसती वेळ दिसते, तारीख चॅटमध्ये वर सरकवल्यावर दिसते. मेसेज लांब असेल तर खाली "अधिक वाचा" आहे का? तिथेच बहुधा "बोअरची मोटर नवीन टाकली" किंवा "पोराचं लग्न आहे" असं खरं कारण दडलेलं असतं. मेसेज एकट्याला आला आहे की आवारातल्या सगळ्या किरायेदारांना तोच गेला आहे? सगळ्यांना गेला असेल तर ती घोषणा आहे, आणि घोषणेला सहसा बोलणी करायला जागा असते. आणि शेवटचं, वरच्या जुन्या मेसेजमध्ये याचा काही उल्लेख आहे का? एका शिक्षकानं मला "अचानक वाढवला" म्हणून स्क्रीनशॉट पाठवला होता. वर सरकवायला लावल्यावर दिवाळीतलाच मेसेज निघाला: "जूनपासून वाढवू बरं का सर." खाली सरांचा अंगठा. मग "अचानक" हा शब्द उत्तरात लिहिता येत नाही.

आरोग्यसेविकेच्या चॅटमध्ये वर आधीचा असा एकही मेसेज नव्हता. एप्रिलमधला एक होता, बोअरची मोटर जळाल्यामुळे दोन दिवस पाणी येणार नाही असं सांगणारा. तो पुढे कामी आला.

सावध: मूळ चॅट पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत बदलता येतो आणि नंतर सगळ्यांसाठी काढूनही टाकता येतो, म्हणून स्क्रीनशॉट घेऊन ठेवणं बरोबरच आहे. पण वाद वाढला तर नुसत्या फोटोपेक्षा फोनमधलं मूळ चॅट महत्त्वाचं ठरतं. त्या चॅटला मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग लावलेली असेल तर आजच बंद करा. आणि हा स्क्रीनशॉट गावातल्या कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. संध्याकाळपर्यंत तो घरमालकाच्या घरी पोचलेला असतो आणि मग बोलणं पैशांवर राहत नाही, इज्जतीवर जातं.

## २. त्याच दिवशी पोच द्या, होकार देऊ नका

दोन दिवस गप्प राहिलं की घरमालकाला वाटतं, मान्य आहे किंवा टाळतात. म्हणून त्याच दिवशी एक ओळ पाठवायची:

"काकाजी, मेसेज वाचला. घरी बोलून, करारनामा पाहून मंगळवारपर्यंत तुम्हाला कळवते."

एवढंच. यात मान्यता नाही, नकार नाही, आणि दिवस सांगितला आहे.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. आपण मोठ्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणतो. तोंडी बोलताना त्याचा अर्थ "ऐकतो आहे" एवढाच असतो. लेखी "हो जी काकाजी" म्हणजे "५,००० मान्य" असाच अर्थ निघतो. "ठीक आहे", अंगठा, हात जोडलेलं चित्र यांचंही तेच. नम्रपणा दाखवायचा तर "काकाजी" या हाकेतून आणि "कळवते" या शब्दातून दाखवा.

तपासून पाहा: पोच देणाऱ्या ओळीत "हो", "ठीक", "चालेल", "बघू" यांपैकी काही आहे का? असेल तर काढा. "बघू" हा शब्द मालकाला उद्धट वाटतो आणि किरायेदाराला काही मिळवून देत नाही.

## ३. कागद काढा आणि तुमची बाजू कुठं पक्की आहे ते ठरवा

करारनामा शोधा. डब्यात, कपाटात, गावाकडे आईजवळ, जिथं असेल तिथून त्याचा फोटो मागवा. त्यात तीनच गोष्टी पाहायच्या: मुदत कधी संपते, मधेच किराया वाढवता येईल असं कलम आहे का, आणि खोली सोडायची किंवा सोडायला लावायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं ठरलं आहे.

मुदत चालू असेल आणि वाढीचं कलम नसेल, तर घरमालकाला एकट्यानं मधेच किराया बदलता येत नाही. दोघांनी सही करून ठरवलेली रक्कम दोघांनाही बांधते. आरोग्यसेविकेच्या करारनाम्यात ३१ जुलैपर्यंत ३,५०० लिहिलेले होते, वाढीचं कलम नव्हतं, आणि खोली सोडण्यासाठी दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना होती. म्हणजे जून आणि जुलै या दोन महिन्यांच्या किरायाच्या रकमेपुरती त्यांची बाजू पूर्ण पक्की. ऑगस्टपासून मात्र नव्यानं बोलावंच लागणार होतं. ही रेघ आधी मनात स्पष्ट हवी. बहुतेकांचं उत्तर चुकतं ते इथेच, कारण ते पक्क्या महिन्यांसाठी विनवणी करतात आणि कच्च्या महिन्यांसाठी भांडतात.

आता पुण्याच्या भावाच्या उत्तराकडे येतो. त्यानं लिहिलं होतं: "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार आपण वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करू शकत नाही." कायद्याच्या कलम ११ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे, हे खरं. पण हा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये दिलेल्या ठराविक भागांना लागू होतो आणि कितीतरी खेडी त्यात येत नाहीत. आपलं गाव त्यात येतं की नाही हे न पाहता हे वाक्य पाठवलं आणि घरमालकाच्या ओळखीतल्या वकिलानं ते खोडून काढलं, तर तुमच्या बरोबर असलेल्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जातं.

करारनामाच नसेल, किंवा मुदत संपल्यावर तुम्ही तसेच राहत असाल, तर परिस्थिती कमजोर आहे हे मान्य करून चाला. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर राहत्या घराचा किराया महिन्या-महिन्याचा मानला जातो आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनं तो संपवता येतो. अशा वेळी उत्तराचा सगळा भर हक्कावर न ठेवता वेळ मागण्यावर आणि रकमेवर ठेवावा लागतो.

करारनाम्याबरोबर किराया दिल्याचे पुरावेही काढा. फोनवरून पाठवला असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी, रोख दिला असेल तर पावत्या किंवा मालकानं वहीत केलेल्या सह्या. त्या मालकाला दाखवायच्या नाहीत. आपण कधी उशीर केला होता का, हे आपल्याला माहीत असायला हवं. आरोग्यसेविकेनं जानेवारीचा किराया ११ तारखेला दिला होता. हे आधी कळलं म्हणून "मी नेहमी वेळेवर दिला" हे वाक्य आम्ही उत्तरातून काढलं. घरमालक असल्या तारखा विसरत नाहीत.

## ४. तीन आकडे कागदावर लिहा

उत्तर लिहिण्याआधी तीन आकडे हवेत: पहिला तुम्ही सुचवणार तो, दुसरा ज्याच्यावर तुम्ही जाणार नाही तो, आणि तिसरा गावात सध्या चालू असलेला.

तिसऱ्यापासून सुरुवात करा. गावात फिरून, किराणा दुकानात, शाळेच्या शिपायाला विचारून किमान तीन खोल्यांचा किराया काढा. "सगळीकडे वाढले" याला उत्तर तिथूनच मिळतं. आरोग्यसेविकेला तीन खोल्या कळल्या. टिनाच्या छताच्या दोन खोल्या ३,००० ला होत्या. स्लॅबच्या, पण पाणी नळाचं आणि एक दिवसाआड, ३,८०० ला. स्लॅबच्या, बोअरचं पाणी आणि स्वतंत्र मीटर, ४,५०० ला. त्यांची स्वतःची खोली स्लॅबची, पाणी बोअरचं, मीटर मात्र घरमालकाचंच, वर सबमीटर. म्हणजे रास्त किराया ३,८०० आणि ४,५०० यांच्या मधे कुठेतरी पडतो. ५,००० जास्तच होते, पण ३,५०० ही आता थोडे कमी होते. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. तरीही हे कबूल केल्याशिवाय उत्तर नीट लिहिता येत नाही.

दुसरा आकडा काढायचा तर घर बदलण्याचा खर्च मांडा. त्यांच्या हिशेबात टेम्पो आणि हमाली मिळून २,५०० रुपये, कुलरचं स्टँड आणि वायर नव्यानं बसवायला ८००, आणि नव्या घराचं डिपॉझिट जुनं परत येण्याआधी द्यावं लागणार ती ओढाताण वेगळी. म्हणजे साधारण ३,३०० रुपये बुडीत. ११ महिन्यांवर वाटले तर महिन्याला ३०० रुपये. ३,८०० ची खोली घेतली तरी त्यांना ती ४,१०० ला पडली असती, आणि पाणी एक दिवसाआड. म्हणून त्यांनी आपली वरची हद्द ४,२०० ठरवली.

पहिला आकडा ३,८५०. करार नव्यानं करताना १० टक्के वाढ करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते, त्यामुळे हा आकडा कुणालाही अपमानाचा वाटत नाही. ३,६०० सुचवले असते तर काकाजींना वाटलं असतं, थट्टा करते.

सावध: वरची हद्द कुणालाही सांगू नका, शेजारच्या किरायेदाराला तर नाहीच.

## ५. उत्तर लिहा

घरमालकाच्या चॅटमध्ये कच्चं लिहू नका. बोट चुकून लागलं की अर्धवट वाक्य जातं, आणि "टाइप करत आहे" हे समोरच्याला दिसत राहतं. फोनच्या नोट्समध्ये किंवा कागदावर लिहा. भावाला दाखवायचं असेल तर नाव पाहून पाठवा. भावासाठीचा राग घरमालकाला गेल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

ओळींचा क्रम असा ठेवा, आणि तो मोडू नका. आधी हाक आणि नमस्कार. मग कुठल्या तारखेच्या, कुठल्या मेसेजबद्दल बोलता ते. मग करारनामा काय सांगतो, एका वाक्यात. मग त्यांची अडचण जी तुम्हाला ठाऊक आहे, ती. मग तुमचा आकडा आणि तो कधीपासून. शेवटी भेटायचा दिवस.

करारनामा आधी आणि अडचण नंतर, असा क्रम मुद्दाम आहे. आधी अडचण मान्य केली तर पुढचं करारनाम्याचं वाक्य "पण" घेऊन येतं आणि टोचतं. करारनामा शांतपणे आधी सांगितला आणि नंतर "तुमचाही खर्च झाला" म्हटलं, तर उत्तराचा शेवट आपलेपणाकडे झुकतो.

भावाचं उत्तर असं होतं:

"सर, आपला मेसेज मिळाला. आपण अशी एकतर्फी वाढ करू शकत नाही. कायद्यानुसार फक्त ४ टक्के वाढ करता येते. आपल्या मेसेजचा स्क्रीनशॉट आमच्याकडे आहे. कृपया नोंद घ्यावी."

यात एकही शिवी नाही, तरी ते भांडणाचंच आहे. ज्यांना ती रोज "काकाजी" म्हणते त्यांना "सर" म्हटलं की अंतर पडतं. "आपण करू शकत नाही" हे वाक्य सत्तरीच्या माणसाला त्याच्याच घराबद्दल सांगितलं जातं. स्क्रीनशॉटचा उल्लेख सरळ धमकी आहे. आणि उत्तरात आकडाच नाही, त्यामुळे बोलणी पुढे जायला वाटच राहत नाही.

आम्ही लिहिलेलं हे:

"नमस्कार काकाजी. शनिवारी, २४ तारखेला तुम्ही किरायाबद्दल मेसेज केला होता, त्याबद्दल लिहिते आहे.

आपला करारनामा ३१ जुलैपर्यंत ३,५०० रुपयांचा आहे. त्याप्रमाणे जून आणि जुलैचा किराया मी ३,५०० च देईन.

एप्रिलमध्ये मोटर जळाली, तुमचा खर्च झाला, हे मला माहीत आहे. त्या उन्हात तुम्ही दोन दिवसांत पाणी चालू करून दिलं, हेही मी विसरले नाही. ऑगस्टपासून नवीन करारनामा करताना किराया वाढवावा हे मला मान्य आहे. एकदम ५,००० मात्र मला झेपणार नाहीत. १ ऑगस्टपासून ३,८५० रुपये द्यायची माझी तयारी आहे.

रविवारी, १ तारखेला सकाळी घरी येऊ का? काकूंशी आणि तुमच्याशी बोलून ठरवू."

यातल्या काही शब्दांवर आम्ही बराच वेळ घालवला. "देईन" हा शब्द "देऊ शकेन" असा होता. शकेन म्हटलं की ती मागणी होते, आणि करारनाम्यातल्या रकमेसाठी मागणी कशाला? उलट "मला झेपणार नाहीत" हे मुद्दाम ठेवलं. "हे जास्त आहे" म्हटलं की वाद किंमतीवर जातो, "झेपणार नाही" म्हटलं की तो फक्त तुमच्या परिस्थितीबद्दल राहतो. गावातल्या दुसऱ्या खोल्यांचे आकडे उत्तरात घातले नाहीत. ते भेटीत तोंडी सांगायचे, कारण लेखी तुलना म्हणजे "तुमच्यापेक्षा अमक्याचं घर बरं" असं वाचलं जातं.

"मी एकटी बाई, लहान पोर घेऊन कुठं जाऊ" अशी एक ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती. ती मी काढायला सांगितली. ती खरी होती, पण पुढच्या वर्षी वाढ मागताना घरमालकाला तीच ओळ आठवते: ही कुठं जाणार नाही.

तपासून पाहा: उत्तर मोठ्यानं वाचा. त्यात तारीख, चालू किराया, तुमचा आकडा, कधीपासून, आणि भेटीचा दिवस या पाचही गोष्टी आहेत का? "कायदा", "पोलीस", "वकील", "स्क्रीनशॉट" यांपैकी एकही शब्द नाही ना?

## ६. पाठवताना आणि पाठवल्यावर

मेसेज खरं कुणी लिहिला होता ते ओळखा. गावात बऱ्याचदा घर काकाजींचं, फोन काकाजींचा, पण टाइप केलेलं असतं नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं सुट्टीत आल्यावर. भाषा अचानक नेमकी आणि कोरडी झाली असेल तर तसं समजा. उत्तर मात्र काकाजींच्याच नावानं लिहा. मुलाला वेगळं लिहिलं की घरात दोन मतं तयार होतात आणि त्यात तुम्ही सापडता.

वेळ सकाळची निवडा, आठ ते दहा. संध्याकाळी शेतावरून थकून आलेला माणूस लांब मेसेज वाचत नाही, कुणाकडून तरी वाचून घेतो, आणि वाचणारा आपला सूर त्यात घालतो. म्हणूनच पाठवल्यावर तासाभरात फोन करा: "काकाजी, मेसेज टाकला आहे, रविवारी येते." फोनवर रकमेची बोलणी करू नका. त्यांनी सुरू केलीच तर "भेटूनच बोलू ना" एवढं म्हणा.

भेटीत काकूंना सोडून बोलू नका. पाणी, कुलर, पाहुणे, आवारातली स्वच्छता, या सगळ्याचा त्रास किंवा समाधान त्यांच्या वाट्याला असतं, आणि किरायेदार चांगला की वाईट हे घरात त्याच ठरवतात.

## ७. १ तारीख आली की

बोलणी चालू असोत, अर्धवट असोत, की काकाजी रुसलेले असोत, करारनाम्यातली रक्कम वेळेवर पाठवा. आरोग्यसेविकेनं १ जूनला सकाळी, भेटीला जायच्या आधीच, नेहमीच्याच खात्यावर ३,५०० पाठवले आणि नोटमध्ये लिहिलं: "जून २०२५ चा किराया". नोट लिहिणं महत्त्वाचं आहे. नुसते ३,५०० गेले तर उद्या कुणी म्हणेल, ते ५,००० पैकी होते, १,५०० बाकी आहेत.

रोख द्यायची पद्धत असेल आणि घरमालक "५,००० आणले तरच घेतो" म्हणत असेल, तर पैसे परत घेऊन जाऊन गप्प बसू नका. त्यांच्या खात्यावर किंवा नंबरवर पाठवा आणि एक ओळ लिहा: "काकाजी, जूनचा किराया खात्यावर पाठवला आहे." किराया थकवणं ही किरायेदाराची सगळ्यात मोठी चूक आहे. त्यानंतर करारनाम्यावर बोट ठेवायची सोय उरत नाही.

उत्तर रागाचं आलं, उदाहरणार्थ "मग खोली खाली करा", तर त्याच सुरात लिहू नका. "काकाजी, करारनाम्यात एक महिन्याची सूचना ठरली आहे. रविवारी भेटून बोलू" एवढं पुरे. पाणी किंवा वीज तोडण्यापर्यंत गोष्ट गेली तर मात्र मेसेजची पायरी संपली. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. तुमच्या गावाला भाडे नियंत्रण कायदा लागू आहे का, हेही तिथेच विचारा.

## ८. ठरलं ते लगेच लिहून ठेवा

रविवारच्या भेटीत काकाजी आधी ४,५०० वर आले. आरोग्यसेविकेनं मीटर स्वतंत्र नसल्याचं आणि ३,८०० च्या खोलीचं तिथे तोंडी सांगितलं. मोटरचा खर्च खरंच टोचत होता, तो काकूंनी बोलून दाखवला. शेवटी १ ऑगस्टपासून ४,००० ठरले, ११ महिने बदल नाही, आणि सबमीटरचं बिल महावितरणच्या बिलातल्या दरानंच घ्यायचं. हे शेवटचं कलम त्यांना किरायातल्या सवलतीइतकंच उपयोगाचं होतं, कारण उन्हाळ्यात कुलरमुळे युनिट वाढतात आणि घरमालक आपला दर लावून गोल रक्कम मागतात.

घरी पोचताच त्यांनी पाठवलं:

"काकाजी, आज ठरल्याप्रमाणे: जुलैपर्यंत ३,५००, १ ऑगस्ट २०२५ पासून ११ महिने ४,०००, विजेचं बिल सबमीटरच्या युनिटप्रमाणे महावितरणच्या दरानं, डिपॉझिट ७,००० तेच. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करारनामा करू. काही राहिलं असेल तर सांगा."

काकाजींचं "बरोबर" आलं. असं उत्तर येईपर्यंत थांबा. आलं नाही तर दुसऱ्या दिवशी भेटून चॅट उघडून दाखवा आणि समोरच लिहून घ्या.

नव्या करारनाम्यात या वेळी दोन वाक्यं जास्त घाला. "मुदतीत किराया वाढणार नाही", आणि "वाढ करायची असल्यास मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कळवावे". करारनामा नोंदणी करून घ्या. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. जिथे लागू नाही तिथेही नोंदणी केलेल्या कागदावर दोन्ही बाजूंचा विश्वास राहतो. सही झाल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि त्याच चॅटमध्ये काकाजींना पाठवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात कागद शोधत गावाकडे फोन करावा लागणार नाही.